लघुपटाची रचना ठरवायला मदत करणाऱ्या संकलक ताईंना

प्रिय ताई,

आपला लघुपट पूर्ण झाला. लांबी सात मिनिटं वीस सेकंद. श्रेयनामावलीत 'विशेष आभार' खाली तुमचं नाव आहे, पण तुम्ही नेमकं काय केलंत ते त्या एका ओळीतून कुणाला कळणार नाही. म्हणून हे उघड पत्र.

मी तुमच्याकडे आणलेली स्क्रिप्ट तीन अंकी होती. वडील गेल्यावर दारात धूळ खात पडलेली गाडी आई शिकायला घेते, मुलगी शिकवते, घरी एकदा कडाक्याचं भांडण होतं आणि शेवटी लायसन्सची परीक्षा. नऊ पानं, म्हणजे साधारण नऊ मिनिटं. तुम्ही मत दिलंच नाहीत. प्रत्येक सीनसमोर सेकंद लिहायला लावलेत. सुरुवातीची मांडणी सव्वादोन मिनिटं, परीक्षा अडीच मिनिटं, भांडण दीड मिनिट. गाडीतल्या शिकवण्यांना जेमतेम पावणेतीन मिनिटं उरत होती, आणि मला लघुपट करायचा होता तो त्यांच्यासाठीच. आई आणि मुलगी वडिलांबद्दल बोलतात ती फक्त गाडीत, कारण तिथे दोघींना एकमेकींकडे बघावं लागत नाही.

तेव्हा तुम्ही समजावलंत की पाव, अर्धा, पाव ही वाटणी दोन तासांच्या सिनेमाची आहे. तिथे पहिल्या अंकाला अर्धा तास मिळतो आणि तो पुरतो. नऊ मिनिटांत तोच पाव भाग धरला की गोष्ट सुरू व्हायची वाट बघण्यात प्रेक्षकाची दोन मिनिटं जातात. मग तुम्ही विचारलंत, "या बाईला सिनेमा संपायच्या आत मिळेल किंवा हातचं जाईल असं काही हवंय का?" लायसन्स हुकलं तर ती पुन्हा परीक्षा देऊ शकते. म्हणजे पणाला काहीच लागलेलं नव्हतं.

तरीही तीन अंकांचा पर्याय तुम्ही लगेच मोडीत काढला नाहीत, याचं मला फार अप्रूप वाटतं. उद्या पहाटे मुलगी परदेशी जाणार असेल आणि आईकडे आजचाच दिवस असेल, तर तीन अंकच घे, असं तुम्ही म्हणालात. फक्त त्या दिवसापासूनच सुरू कर, पहिला अंक पाऊण मिनिटात संपव, आणि क्लायमॅक्सनंतर अर्ध्या मिनिटाच्या वर थांबू नकोस. तो खर्डा मी लिहिला. वाचायला घट्ट होता, पण प्रत्येक वाक्य पुढच्या घटनेला ढकलण्यात गुंतलेलं. दोघींना गप्प बसायला जागाच नव्हती. तिथे माझा निर्णय झाला: सुट्या प्रसंगांची रचना, पाच शिकवण्या, परीक्षा नाहीच.

या रचनेची खरी अडचण तुम्ही आधीच सांगून ठेवली होती. प्रत्येक प्रसंग म्हणजे नवी सुरुवात. कुठे आहोत, किती दिवस गेले, हे समजून घेण्यात प्रेक्षकाचे दहा-पंधरा सेकंद जातात, आणि पाच वेळा गेले की मिनिट संपलं. म्हणून प्रत्येक शिकवणी एकाच फ्रेमने सुरू करायची: कॅमेरा मागच्या सीटवर, पुढे दोन पाठमोरी डोकी, सीटबेल्टचा 'खट्' आवाज. दुसऱ्यांदा तो आवाज आला की नवा दिवस उजाडलाय हे न सांगता कळतं. 'काही दिवसांनंतर' अशा पाट्या लागल्याच नाहीत.

रफ कट बघताना तुम्ही टाइमलाइनवर तिसरी आणि चौथी शिकवणी सरळ अदलाबदल केलीत आणि लघुपट पुन्हा चालवलात. कुणालाच काही खटकलं नाही. दोन्हींत आई चिडत होती, एवढंच. मग तुम्ही दुसरी आणि चौथी बदलून पाहिली, आणि तिथे सगळं अडलं: चौथीत आई वडिलांचा चष्मा डॅशबोर्डच्या कप्प्यातून काढून मुलीच्या हातात देते, आणि दुसरीत तर त्यांचं नावही ती टाळत असते. म्हणजे त्या दोन प्रसंगांत चढ होता, तिसरी नुसती भर होती. तिसरीत पावसाचा सुंदर शॉट होता, तरी ती गेली. कार्यकारणाची साखळी नसलेल्या रचनेत ही चाचणी किती उपयोगी पडते, ते त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.

शेवटाचंही तसंच. परीक्षा नाही म्हटल्यावर लघुपट संपला हे प्रेक्षकाला कळणार कशावरून? तुमचं उत्तर होतं, ठरलेली फ्रेम मोड. आता शेवटच्या शिकवणीत तोच कॅमेरा, तोच 'खट्', पण डोकं एकच. मुलीची सीट रिकामी. तिथून पुढे बारा सेकंदांत काळा पडदा.

ताई, तुमचे मनापासून आभार. अंतिम कट पाठवते आहे. दुसरी शिकवणी मला अजून दहाएक सेकंदांनी लांब वाटते, आई गिअर शोधते तिथे. सवड मिळाली की तेवढा भाग बघून सांगाल का?

तुमची,
एक दिग्दर्शिका