घरभाड्याची सूट: शहराच्या टक्केवारीआधी भाड्याचा आकडा पाहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

घरभाडे भत्त्याच्या करसवलतीत पुण्यालाही मुंबईइतकाच दर मिळावा, अशी मागणी करणारी पत्रे आपल्या अंकात अधूनमधून येतात. पुण्यातली भाडी पाहता मागणी रास्त आहे. पण ती पत्रे वाचून असे वाटते की, पुण्याचा दर चाळीसवरून पन्नास टक्के झाला की भाड्याने राहणाऱ्या प्रत्येक नोकरदाराचा कर कमी होणार. पगारपत्रके तयार करण्याचे काम मी बरीच वर्षे केले आहे. माझ्या पाहण्यातल्या बहुतेकांच्या हिशेबात शहराच्या टक्केवारीपर्यंत गोष्ट पोचतच नसे. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. खालचा सगळा हिशेब २०२४-२५ या आर्थिक वर्षाच्या नियमांप्रमाणे आहे. ही सूट जुनी कररचना निवडणाऱ्यांनाच मिळते, हे आधीच सांगून टाकतो. नव्या रचनेत पूर्ण घरभाडे भत्ता करपात्र असतो.

आयकर कायदा, १९६१ मधील कलम १०(१३ए) आणि नियम २ए यांनुसार त्या वर्षासाठी तीन रकमा काढायच्या होत्या. पहिली, प्रत्यक्ष मिळालेला घरभाडे भत्ता. दुसरी, भरलेल्या भाड्यातून पगाराचे दहा टक्के वजा करून उरलेली रक्कम. तिसरी, घर मुंबई, दिल्ली, कोलकाता किंवा चेन्नईत असेल तर पगाराचे पन्नास टक्के आणि इतरत्र कुठेही असेल तर चाळीस टक्के. या तिन्हींत जी सर्वांत कमी, तेवढीच रक्कम करमुक्त.

कोथरूडमध्ये दरमहा १५,००० रुपये भाडे भरणारा एक नोकरदार घ्या. बेसिक ४०,०००, महागाई भत्ता नाही, घरभाडे भत्ता १६,०००. वर्षाचा भत्ता झाला १,९२,०००. वर्षाचे भाडे १,८०,०००, त्यातून वर्षभराच्या बेसिकचे दहा टक्के म्हणजे ४८,००० गेले, उरले १,३२,०००. बेसिकचे चाळीस टक्के पुन्हा १,९२,०००. सूट मिळाली १,३२,००० आणि उरलेल्या ६०,००० वर कर लागला. आता पुण्याला पन्नास टक्के लावून पाहा. तिसरी रक्कम २,४०,००० होईल, सूट मात्र तीच, १,३२,०००. या माणसाला एका रुपयाचाही फायदा नाही.

मग फायदा कोणाला? ज्याचे भाडे पगाराच्या निम्म्याहून जास्त आहे आणि ज्याला भत्ताही चाळीस टक्क्यांहून जास्त मिळतो, त्यालाच. दोन्ही अटी एकत्र लागतात. याच नोकरदाराचा भत्ता २०,००० आणि भाडे २५,००० असते, तर भाड्यातून दहा टक्के वजा जाता २,५२,००० उरले असते आणि भत्ता २,४०,००० झाला असता. तिथे मात्र चाळीस टक्क्यांची मर्यादा सूट १,९२,००० वर अडवते आणि पन्नास टक्के असते तर ४८,००० जास्त सुटले असते. असे लोक पुण्यात आहेत, विशेषतः जिथे बेसिक मुद्दाम कमी ठेवून बाकीचा पगार भत्त्यांत विभागतात अशा खासगी कंपन्यांत. मागणी त्यांच्यासाठी खरी आहे.

केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना मात्र तिचा काहीच उपयोग नाही. वेतन आयोगाच्या वर्गवारीत पुणे मुंबईबरोबर ‘एक्स’ गटात आहे, आणि त्यावरून अनेकांना वाटते की आयकरातही आपल्याला पन्नास टक्के लागतात. या दोन वर्गवाऱ्यांचा एकमेकींशी संबंध नाही. शिवाय ‘एक्स’ गटातसुद्धा घरभाडे भत्ता बेसिकच्या तीस टक्के असतो. भत्ताच तीस टक्के असेल तर चाळीस काय आणि पन्नास काय, ती मर्यादा आड येणारच नाही.

त्यांच्या हिशेबात चूक होते ती वेगळ्याच जागी. नियमातला ‘पगार’ म्हणजे नुसते बेसिक नव्हे. निवृत्तिलाभांसाठी धरला जाणारा महागाई भत्ताही त्यात येतो. ऑक्टोबर २०२४ मधला महिना घेऊ. बेसिक ५०,०००, त्यावर ५३ टक्के महागाई भत्ता २६,५००, म्हणून पगार ७६,५००. घरभाडे भत्ता १५,००० आणि भाडे १८,०००. दहा टक्के झाले ७,६५०, म्हणजे त्या महिन्याची सूट १०,३५०. महागाई भत्ता विसरून ५,०००च वजा केले तर सूट १३,००० दिसते. दरमहा २,६५० रुपयांची ही जादा सूट पुढे नोटिशीचे कारण ठरू शकते. महागाई भत्ता वाढला आणि भाडे तेच राहिले की सूट घटते, हेही यातूनच येते. पगार वाढूनही सूट कमी का झाली, असे विचारत लोक लेखा विभागात येतात, त्याचे उत्तर हे.

दुसरी चूक उलट्या बाजूची, म्हणजे स्वतःचेच नुकसान करणारी. वर्षाच्या मध्येच भाड्याच्या घरात गेलेले लोक भाडे काही महिन्यांचे धरतात आणि दहा टक्के मात्र पूर्ण वर्षाच्या पगाराचे वजा करतात. वरचाच कोथरूडचा नोकरदार एप्रिल ते जुलै आईवडिलांच्या घरी राहिला आणि ऑगस्टपासून भाड्याने राहू लागला, असे समजा. आठ महिन्यांचे भाडे १,२०,०००. त्याच आठ महिन्यांचे बेसिक ३,२०,०००, त्याचे दहा टक्के ३२,०००. सूट ८८,०००. पूर्ण वर्षाचे ४८,००० वजा केले तर ७२,०००च मिळतात आणि १६,००० रुपयांची हक्काची सूट जाते. पहिल्या चार महिन्यांचा भत्ता अर्थातच पूर्ण करपात्र. ज्या काळात घर भाड्याने घेतलेले होते, त्याच काळातला पगार, भत्ता आणि भाडे धरायचे. घर, भाडे किंवा पगार बदलला की तिथे हिशेबाचा नवा तुकडा पाडावा, म्हणजे गोंधळ होत नाही.

शहराबद्दलचा एक खुलासा मुंबईकडच्या वाचकांसाठी. नियम घर कुठे आहे ते पाहतो, कचेरी कुठे आहे ते नाही. फोर्टात नोकरी आणि डोंबिवलीत भाड्याचे घर असेल तर चाळीस टक्के. ठाणे, नवी मुंबई, कल्याण यांनाही चाळीसच. हाच माणूस डिसेंबरात मुलुंडला राहायला आला तर तेव्हापासून पन्नास, कारण मुलुंड मुंबईत येते. अर्थात त्याचीही सूट बहुधा भाडे वजा दहा टक्के या रकमेवरच ठरेल.

माझी विनंती नोकरी देणाऱ्यांना आहे. फॉर्म १६ बरोबर कर्मचाऱ्याला सूट म्हणून फक्त एक आकडा मिळतो. तो कशातून आला हे त्याला कळत नाही, म्हणून पगारात कोणता भत्ता धरला, किती महिने धरले हे तो तपासू शकत नाही. तिन्ही रकमांचे महिनावार कोष्टक सोबत दिले तर वर सांगितलेल्या दोन्ही चुका त्याला स्वतःलाच दिसतील. हा हिशेब पगाराच्या संगणकात तयारच असतो, तो फक्त छापून द्यायचा आहे. आणि पुण्याच्या मागणीवर पुढे काही छापाल तेव्हा त्यासोबत एखाद्या सर्वसाधारण पगारदाराचे असे कोष्टकही द्यावे, ही आपल्याला विनंती.

आपला,
एक निवृत्त लेखापाल, पुणे