‘मिनिमम ड्यू’ हा हप्ता नव्हे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मी सांगलीतल्या एका पतसंस्थेत तीस वर्षे व्याजाचे हिशेब केले. तरीही पुतण्याने क्रेडिट कार्डाचे बिल पुढ्यात टाकले तेव्हा मला ते दोनदा वाचावे लागले. मग कागद-पेन घेऊन बसलो. तो हिशेब इतर वाचकांच्याही उपयोगी पडेल, म्हणून हे पत्र.

पुतण्याच्या कार्डाचे बिल दर महिन्याच्या १५ तारखेला निघते आणि पुढच्या महिन्याच्या ४ तारखेपर्यंत भरायचे असते. दिवाळीच्या तोंडावर, ८ ऑक्टोबरला, त्याने कार्डावर ४०,००० रुपयांचे वॉशिंग मशीन घेतले. १५ तारखेच्या बिलात दोन आकडे होते : एकूण देय ४०,०००, किमान देय २,०००. त्याने ४ नोव्हेंबरला २,००० भरले आणि “काका, पहिला हप्ता गेला” असे मला सांगितले. मधल्या काळात, २० ऑक्टोबरला, त्याच कार्डावर ६,००० रुपयांचे कपडे आणि फराळाचे सामानही घेतले होते.

खरी चूक ‘हप्ता’ या शब्दात आहे. कर्जाच्या हप्त्यात व्याज धरलेले असते आणि मुद्दल ठरलेल्या वेळी फिटते. किमान देय भरल्याने फक्त लेट फी टळते आणि खाते थकीत धरले जात नाही. व्याज थांबत नाही. आणि ते ४ नोव्हेंबरपासूनही सुरू होत नाही, तर मशीन घेतले त्या दिवसापासून, म्हणजे ८ ऑक्टोबरपासून लागते. बिनव्याजी मुदत मिळते ती पूर्ण बिल भरणाऱ्याला. एक रुपया जरी मागे राहिला, तरी ती मुदत जाते.

या कार्डाचा दर महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के. आता पाहा. ८ ऑक्टोबर ते ३ नोव्हेंबर हे २७ दिवस पूर्ण ४०,००० वर व्याज १,२४३ रुपये. ४ ते १५ नोव्हेंबर हे १२ दिवस उरलेल्या ३८,००० वर ५२५. दिवाळीच्या ६,००० रुपयांच्या खरेदीला एरवी ४ डिसेंबरपर्यंत मुदत मिळाली असती. पण मागची बाकी असल्याने तिच्यावरही पहिल्या दिवसापासून व्याज, १८६ रुपये. बेरीज १,९५४. त्यावर १८ टक्के जीएसटी, ३५२. एकूण २,३०६ रुपये.

म्हणजे पोराने भरले २,००० आणि वर चढले २,३०६. नव्या बिलाचा आकडा ४६,३०६. बिल हातात घेऊन तो गप्प बसला होता, ते पाहून मला फार वाईट वाटले.

आम्ही त्याच्या आईच्या दोन बांगड्यांवर सोनेतारण कर्ज काढून ४ डिसेंबरच्या आत पूर्ण रक्कम भरली. सोनेतारणाचे व्याज यापेक्षा कितीतरी कमी पडते. तरीही पुढच्या बिलात हजारभर रुपये आलेच. पुतण्याला वाटले बँकेने फसवले. तसे नव्हते. १६ नोव्हेंबरपासून पैसे भरेपर्यंतच्या दिवसांचे व्याज आधीच्या बिलात येऊच शकत नाही, ते मागून येते. हे ठाऊक नसल्याने लोक तो आकडा तसाच सोडतात आणि पुन्हा त्याच फेऱ्यात अडकतात.

ज्यांना पूर्ण भरणे जमत नाही, त्यांनी निदान ४ तारखेची वाट पाहू नये. व्याज दिवसावर मोजले जाते, त्यामुळे हातात येतील तसे पैसे आधीच भरावेत आणि बाकी फिटेपर्यंत त्या कार्डावर किराणासुद्धा घेऊ नये. मोठी खरेदी देय तारखेआधी ईएमआयमध्ये बदलून मिळते का, तेही विचारावे. त्याचा दर सहसा कमी असतो, पण प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी धरूनच तुलना करावी.

रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार, फक्त किमान रक्कम भरत राहिल्यास परतफेड महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे लांबते आणि चक्रवाढ व्याज लागते, असा इशारा प्रत्येक बिलावर ठळक छापावा लागतो. पुतण्याच्या बिलावरही तो होता, इंग्रजीत. ते वाक्य वाचून त्याला २,३०६ हा आकडा कसा दिसणार? माझी मागणी एवढीच आहे की किमान देय रकमेच्या शेजारी, मराठीत आणि रुपयांत, छापावे : “आज एवढेच भरलेत, तर पुढच्या बिलात अंदाजे इतके व्याज आणि जीएसटी येईल.” बँकेच्या संगणकाला हा हिशेब क्षणाचा आहे. मला त्याला अर्धा तास लागला.

आपला,
एक निवृत्त पतसंस्था कर्मचारी
विश्रामबाग, सांगली