डुकरांच्या शेडचा आराखडा उन्हाळ्याला तोंड देईल असा करा : पशुसंवर्धन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय पशुसंवर्धन मंत्री महोदय,

विषय : अनुदानाच्या वराह-शेडच्या नमुना आराखड्यात सावली, लोळण्याचा खड्डा आणि फवाऱ्यांची तरतूद करणेबाबत.

सप्रेम नमस्कार.

आपल्या खात्याचा नमुना आराखडा समोर ठेवून हे पत्र लिहितो आहे. त्यात पाया, भिंती, गव्हाण, नाली, पत्र्याचे छप्पर, सगळ्यांची मापे आहेत. ऊन चढल्यावर त्या पत्र्याखालच्या जनावराने काय करायचे, याबद्दल मात्र एक ओळही नाही. शेवटच्या पानावर ‘आवश्यकतेनुसार फॉगर’ एवढेच शब्द आहेत, आणि ते नसते तरी चालले असते.

डुकराला घाम जवळजवळ येतच नाही. अंगातली उष्णता बाहेर टाकायला त्याच्याकडे दोनच मोठे मार्ग आहेत : धापा टाकणे आणि अंग ओले करून ते वाऱ्यावर वाळू देणे. म्हणून ते चिखल शोधते. चिखल मिळाला नाही तर स्वतःच्या शेण-मुतात लोळते. एरवी डुक्कर बसायची आणि घाण करायची जागा वेगळी ठेवते. त्यामुळे दुपारी सगळा कळप ओल्या कोपऱ्यात पडलेला दिसला, तर शेड तापले आहे असे समजावे. आपले तपासनीस नेमके हेच पाहून शेऱ्यात ‘अस्वच्छता’ लिहितात आणि पालकाला फरशी कोरडी ठेवायला सांगतात. म्हणजे त्या जनावराने स्वतः शोधलेला शेवटचा उपायही आपण काढून घेतो.

आता फॉगरबद्दल. फॉगर धुक्यासारखे बारीक थेंब सोडतो. चहूबाजूंनी भिंती असलेल्या शेडमध्ये ते हवेतच विरतात, हवा दमट होते आणि डुकराचे अंग कोरडेच राहते. दमट हवेत धाप टाकून फारशी उष्णता बाहेर पडत नाही, त्यामुळे जनावराचा उरलेला मार्गही अडतो. डुकराला हवे असतात मोठे थेंब, कातडीपर्यंत पोहोचणारे. आणि ते सतत नकोत. थंडावा पाण्याच्या स्पर्शाने कमी आणि पाणी वाळताना जास्त मिळतो, म्हणून थोडे भिजवायचे, थांबायचे, वाळू द्यायचे आणि पुन्हा भिजवायचे. त्यासाठी वारा खेळता हवा, म्हणजे लांब भिंती कमरेएवढ्याच हव्यात आणि वर मोकळी जाळी. आराखड्यात आज पूर्ण उंचीच्या भिंती आहेत.

पाणी कुठून आणायचे, हा प्रश्न बैठकीत निघेलच, म्हणून हिशेब मांडतो. दहा वाढत्या डुकरांच्या कप्प्यावर एक नोझल, मिनिटाला दोन लिटर पाणी देणारे. दर वीस मिनिटांनी दोन मिनिटे चालू, म्हणजे एका वेळी चार लिटर. सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच या सहा तासांत अठरा फेऱ्या, एकूण ७२ लिटर. डोईमागे दिवसाला सात लिटरांच्या थोडे वर. हेच नोझल सहा तास सलग सोडले तर ७२० लिटर जातात, जमीन चिखलमय होते आणि वाळायला उसंतच न मिळाल्याने थंडावाही कमी. फरक पडतो तो टायमर आणि एका व्हॉल्व्हने. अनुदान द्यायचेच तर त्यांना द्या. फक्त नोझल गव्हाणीवर येऊ देऊ नका, नाहीतर भिजलेले खाद्य आंबते.

विणाऱ्या माद्यांच्या कप्प्यात मात्र हा फवारा चालत नाही. दूध देणाऱ्या मादीला १८ ते २० अंश बरे वाटतात, तर नुकत्याच जन्मलेल्या पिलांना तीस अंशांच्या वर ऊब लागते. फवारा सोडला की आई सुखावते आणि पिले गारठतात. तिथे मादीच्या मानेवर आणि खांद्यावर ठिबकने थेंब सोडायचे, पिलांचा कोपरा कोरडा ठेवायचा. तिच्या पिण्याच्या निपलमधून मिनिटाला दोन लिटर पाणी यायला हवे आणि तिथवरची नळी उन्हातून नेलेली नसावी. तापलेले पाणी मादी पीत नाही, मग खाणे सोडते आणि दूध आटते.

मोकळ्या आवारात डुकरे ठेवणाऱ्यांसाठी लोळण्याचा खड्डा उत्तम. अंगाला लागलेला चिखल साध्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ ओला राहतो, आणि वाळल्यावर उन्हापासून कातडी झाकतो. खोली वीत-सव्वा वीत पुरे, उतार हळू हवा म्हणजे पिलू बुडणार नाही. खड्डा पिण्याच्या जागेपासून दूर हवा. पाणी साचून कुजले तर त्यातून लेप्टोस्पायरोसिससारखे रोग पसरतात, म्हणून ते उपसून बदलायची सोय लागतेच. पण सर्वांत आधी खड्ड्यावर सावली हवी. उघड्यावरचे उथळ पाणी दुपारपर्यंत कोमट होते, आणि त्यातून बाहेर आलेले, चिखल धुऊन गेलेले गोरे डुक्कर उन्हात भाजते.

आपण वाटप करता त्या लार्ज व्हाईट यॉर्कशायर आणि लँडरेस जातींची कातडी गुलाबी, केस विरळ. कानांच्या मागे आणि पाठीवर आधी लाली येते, हात लावला की जनावर पाठ खाली दबवते, पुढे कातडी सोलवटते. पाठ भाजलेली मादी नराला अंगावर येऊ देत नाही, आणि पालक माज आला नाही म्हणून औषधे शोधत फिरतो. नरांचे नुकसान आणखी उशिरा कळते. काही दिवस सलग उष्णता सोसली की वीर्याची प्रत बिघडते, ती दिसायला दोनेक आठवडे लागतात आणि सुधारायला आणखी कित्येक आठवडे. माद्या गाभण न राहता उलटू लागतात तेव्हा उन्हाळा सरत आलेला असतो, त्यामुळे दोष नराच्या वंशाला लागतो.

एवढे करूनही एखादे जनावर कोसळले तर काय करायचे, याची पाटी प्रत्येक शेडमध्ये लावायला सांगा. तोंड उघडे, फेस, लटपटणारे पाय, ताप ४१ अंशांच्या वर : हा उष्माघात. त्याला उठवून हाकलायचे नाही. जागेवरच सावली करायची, साधे पाणी हळूहळू अंगावर सोडायचे, पंखा लावायचा, डॉक्टरांना बोलवायचे. बर्फाचे पाणी एकदम ओतू नये, त्याने कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आतली उष्णता आतच अडकते.

माझी मागणी खर्चाच्या क्रमाची आहे. आधी छप्पर : उंच, पूर्व-पश्चिम लांबीचे, पत्र्यावर पांढरा चुना किंवा गवताचा थर. मग वारा, मग टायमरवरचे फवारे किंवा सावलीतला खड्डा. फॉगरची ओळ काढून टाका.

आणि तपासणीची वेळ बदला. आपले अधिकारी सकाळी दहाला येतात, तेव्हा कोणतेही शेड चांगलेच दिसते. दुपारी तीनला पाठवा. स्वस्थ पडलेल्या एका मोठ्या डुकराची कूस घड्याळ लावून मिनिटभर पाहायला सांगा. श्वास चाळीसच्या वर गेले असतील, तर त्या शेडचा शेवटचा हप्ता छप्पर सुधारेपर्यंत रोखावा.

आपला विश्वासू,
एक वराहपालक