खुले पत्र: परिवहन मंत्री साहेब, आमच्या वळणावर बस उलटायला किती कमी उरतं ते बघा

माननीय परिवहन मंत्री साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी ठाण्यात राहतो, घोडबंदर रोडवरून टेकडीकडे वळणाऱ्या एका वसाहतीत, आणि 22 वर्षं बसच्या वर्कशॉपमध्ये सस्पेन्शनचं काम केलंय. आमच्या रस्त्यावर एक उजवं वळण आहे, तिथे डांबराचे थर एकावर एक चढत गेलेत आणि डावीकडची कड मातीच्या पट्टीपेक्षा चांगली वर राहिलीय. समोरून डंपर आला की बसची डावी चाकं खाली उतरतात. मागच्या रविवारी मी टेप आणि पाण्याची ट्यूब घेऊन गेलो, फरक 30 सेंटिमीटर भरला.

आता 30 सेंटिमीटर म्हणजे काय ते सांगतो. बसच्या दोन बाजूंच्या चाकांमधलं अंतर साधारण 2 मीटर. एक बाजू 30 सेंटिमीटर खाली गेली की बस साडेआठ अंश कलते. नुसत्या उतारावर उभी असेल तर एवढ्याने ती मुळीच पडत नाही. बस पडते कधी, तर तिच्या गुरुत्वमध्यातून सरळ खाली सोडलेला ओळंबा खालच्या बाजूच्या चाकांच्या बाहेर गेला की. म्हणजे हिशेब दोनच गोष्टींचा, चाकांमधल्या अंतराचा अर्धा भाग आणि गुरुत्वमध्याची उंची. पहिल्याला दुसऱ्याने भागा, जो आकडा येईल ती त्या बसची ऐपत.

रिकामी बस धरा 10 टन, गुरुत्वमध्य 1.1 मीटरवर. 1 भागिले 1.1, म्हणजे 0.91, जवळजवळ 42 अंश. भरपूर झालं. पण सकाळी 8:40 च्या बसमध्ये 60 माणसं असतात, त्यातली निम्मी उभी, आणि फरशी जमिनीपासून मीटरभर वर, म्हणजे उभ्या माणसाचं वजन दोन मीटरवर येतं. जवळपास 4 टन माणसं वर चढली की गुरुत्वमध्य 1.3 मीटरवर सरकतो. ऐपत 0.77 झाली. त्यात कललं की स्प्रिंग एका बाजूला दबते, बॉडी झुकते, आणि दार डावीकडे म्हणून उभी माणसंही तिकडेच रेलतात. त्याने गुरुत्वमध्य 15 सेंटिमीटर डावीकडे सरकला असं मी धरतो. मग 0.85 भागिले 1.3, उरलं 0.65. लोकांना वाटतं गाडी जड झाली म्हणजे पक्की बसली, पण जडपणा वर गेला की उलटंच होतं.

आता वळण. उजवं वळण घेताना बस डावीकडे फेकली जाते, आणि आमचा उतारही डावीकडेच. वळणाची त्रिज्या 30 मीटर धरली आणि स्पीड 40, तर फेकण्याचा जोर वजनाच्या 0.42 पट. त्यात उताराचे 0.15, म्हणजे 30 सेंटिमीटर भागिले 2 मीटर, मिळवले की रस्त्याची मागणी 0.61 होते (साधी बेरीज 0.57 येते, पण कललेल्या बसवर ती थोडी वाढते). ऐपत 0.65, मागणी 0.61. साहेब, मध्ये एवढंच उरतं! पावसात टायर त्याआधीच घसरतील म्हणून बस बहुतेक वेळा उलटायच्या आधी सरकते, पण सरकून चाक गटाराच्या कठड्याला अडलं की मग कुठलाही हिशेब उरत नाही, चाक जागीच थांबतं आणि वरचं सगळं पुढे जातं.

हे आधी कळतं कसं? आतल्या बाजूची, म्हणजे उजवी मागची चाकं बघा. वळणावर ती हलकी झाली की मातीत त्यांचा ठसा पुसट पडतो आणि डाव्यांचा खोल. आमच्या वळणावर मी तो ठसा बघितलाय. एका ड्रायव्हरदादांनी मला सांगितलं, "तिथं गाडी पोटातून उचलल्यासारखी वाटते."

बस रुंद करून हे सुटणार नाही, नियमानेच रुंदी 2.6 मीटरच्या वर जात नाही. माणसं तर उतरवता येणार नाहीत. मग उरतो रस्ता आणि स्पीड. तिथे 25 च्या स्पीडने गेलं तर मागणी 0.32 वर येते, म्हणजे जवळजवळ निम्मी. आणि वळणाला आत झुकणारा उतार दिला, बाहेरची बाजू 7 टक्के उचलली, तर 40 लाही मागणी 0.34 च. नियमात असा उतार आहेच, फक्त थर टाकताना तो कुणी मोजत नाही.

म्हणून मागणं एवढंच की तुमच्या खात्याने रस्त्याच्या खात्याला सांगून या वळणाची कड भरून घ्यावी, पुढचा थर टाकायच्या आधी जुना खरवडून काढायला लावावा, आणि तोवर बससाठी 25 ची पाटी लावून आधीच्या सरळ रस्त्यावर एक गतिरोधक द्यावा, वळणावर नको, तिथे बस आणखी हलेल. इंजिनिअर पाठवाल त्या दिवशी सकाळी साडेआठला मी टेप आणि ट्यूब घेऊन तिथे उभा असेन, 8:40 ची बस त्यांनी स्वतः बघावी.

आपला,
घोडबंदर रोडचा एक रहिवासी, ठाणे