मुदत संपलेल्या औषधांच्या पेटीसाठी आवाहन

प्रभागातील सर्व माता-भगिनी व बंधूंना सप्रेम नमस्कार.

घटस्थापना जवळ आली. घरोघरी दसरा काढायला सुरुवात होईल आणि माळ्यावरचे, फ्रिजच्या दारातले औषधांचे डबे खाली येतील. दरवर्षी हा माल नालीत, उकिरड्यावर नाहीतर चुलीत जातो. यंदा तो आमच्याकडे द्या, एवढ्यासाठी ज्येष्ठ नागरिक संघातर्फे हे पत्र.

शहरातली मंडळी सांगतात, गोळ्या संडासात टाकून पाणी सोडा. आपल्याकडे भुयारी गटार नाही. संडासाचं पाणी सेप्टिक टँकमधून शोषखड्ड्यात मुरतं आणि बऱ्याच घरी बोअर त्याच अंगणात असतो. टँकमधले जिवाणू मैला कुजवतात, पण कित्येक औषधं त्यांना पुरती मोडता येत नाहीत. उकिरड्यावर टाकलं तर शेळ्या-गायी पिशवीसकट खातात. चुलीत पन्नीच्या पाकिटाचा विषारी धूर होतो, आणि दम्याचा पंप चुक्कून जाळात गेला तर फुटतो.

एका घरचा डबा आम्ही सोबत बसून निवडला. घरातले आजोबा कर्करोगाने गेले होते. बीपीच्या आणि शुगरच्या गोळ्यांची अर्धी कापलेली पाकिटं होती. मुदतीची तारीख पाकिटाच्या एकाच टोकाला छापलेली असते, ते टोक कापून गेलं की तारीखही गेली. अशी पाकिटं बिनतारखेची समजून सरळ पेटीसाठी बाजूला काढली, गोळ्या मात्र पाकिटातच राहू दिल्या. त्यामुळे काय आहे ते ओळखता येतं. नातवाच्या अँटिबायोटिकची बाटली होती. पावडरीत पाणी घालून केलेलं असं औषध साधारण आठवडाभरच चालतं, पुढे बाटलीवरची तारीख कितीही लांबची असो. तिचं झाकण घट्ट लावून, पिशवीत बांधून तीही पेटीसाठी ठेवली. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आणि नाव असलेली लेबलं घरीच फाडली. इन्सुलिनच्या सुया मात्र पेटीत घेत नाही. त्या जाड प्लास्टिकच्या, फिरकीच्या झाकणाच्या बाटलीत भरून वेगळ्या द्या, कारण घंटागाडीवरच्या माणसांच्या हाताला टोचतात त्या सुट्या सुयाच.

डब्याच्या तळाशी मॉर्फीनच्या गोळ्या आणि वेदनेचे फेन्टानिलचे पॅच निघाले. हा प्रकार वेगळा. वापरून काढलेल्या पॅचमध्येही बरंच औषध शिल्लक असतं, आणि लेकराने तो अंगाला चिकटवला किंवा तोंडात घातला तर जीव जाऊ शकतो. म्हणून हे घरात ठेवून वाट बघायची नाही, आमच्या पेटीतही टाकायचं नाही, कारण नशा करणाऱ्यांना पेटी फोडायला निमित्त मिळतं. पॅच चिकट बाजू आत घेऊन दुमडायचा आणि ज्या रुग्णालयातून औषध मिळालं तिथे परत देता येतं का ते लगेच विचारायचं. नाहीच जमलं तर फक्त अशीच औषधं संडासात टाकावीत. केंद्राच्या औषध नियंत्रण संस्थेने 2025 मध्ये अशा 17 औषधांची यादी दिली आहे. बोअरची काळजी आहेच, पण इथे लेकराच्या जिवाचा धोका त्याहून मोठा.

मुदत न संपलेली औषधं आणली तरी आम्ही ती कुणाला वाटणार नाही. फ्रिजबाहेर राहिली की उन्हात पडली, हे पाकिटाकडे बघून कळत नाही. चांगलं औषध वाया जातं म्हणून रागावू नका.

घरातली मुदतबाह्य औषधं हा घरगुती घातक कचरा आहे आणि त्यासाठी संकलन केंद्र असावं, असं 2016 च्या घनकचरा नियमांत म्हटलं होतं. आपल्याकडे ते अजून झालेलं नाही. नगरपरिषदेला अर्ज दिला आहे. तोवर तालुक्यातलं एक रुग्णालय आपल्या पिवळ्या पिशव्या स्वतःच्या जैववैद्यकीय कचऱ्यासोबत भट्टीत पाठवायला तयार झालं आहे. तिथे धूर दुसऱ्या कप्प्यात हजारेक अंशांवर पुन्हा जाळला जातो. हे चुलीला जमत नाही.

यासाठी आम्हाला हवं आहे ते असं: कुलूप बसेल अशी, वरून फक्त फट असलेली पत्र्याची एक पेटी (जुनी चालेल, गंज नको), पिवळ्या जाड पिशव्या, महिन्यातून एकदा पिशव्या पोचवायला कुणाचा तरी टेम्पो, आणि भट्टीच्या खर्चासाठी प्रत्येक घराकडून 50 रुपये. पैशांपेक्षाही जास्त गरज एका फार्मासिस्टची आहे. रविवारी सकाळी दोन तास समोर बसून निवडून देणारं माणूस मिळालं नाही तर पेटी उघडायची नाही, असं आम्ही ठरवलं आहे. मेडिकलवाल्या भावांनी मनावर घ्यावं.

पेटी घटस्थापनेच्या आधीच्या रविवारपासून मारुती मंदिराच्या सभामंडपात राहील, सकाळी 9 ते 11. पैसे खजिनदारांकडेच द्यावेत आणि पावती घ्यावी. ज्यांना जिना उतरता येत नाही त्यांनी शेजाऱ्याकडून निरोप धाडावा, आमच्यातलं कुणीतरी घरी येऊन डबा घेऊन जाईल.

आपले,
ज्येष्ठ नागरिक संघाचे पदाधिकारी व सभासद