ताई, नाव न घेता आभार

प्रिय ताई,

पत्र सगळ्यांनी वाचावं म्हणून लिहितेय, आणि तरी त्यात तुमचं नाव नाही. कारण तुम्हाला ठाऊकच आहे. अल-अ‍ॅनॉनच्या आपल्या गटात कोण येतं आणि काय बोलतं, ते बाहेर न्यायचं नाही. हा नियम नसता तर मी त्या खोलीत पाऊलच ठेवलं नसतं. आमच्याकडे बाई ओळखली जाण्याआधी ‘त्या पिणाऱ्याची बायको’ ओळखली जाते.

दारू सोडू पाहणाऱ्यांसाठीचं एए अमेरिकेत १९३५ साली सुरू झालं आणि त्यांच्या घरच्यांसाठीचं अल-अ‍ॅनॉन १९५१ साली. घरच्यांसाठी वेगळी जागा का लागते, हे मला सकाळच्या त्या फोनमुळे कळलं. रात्री हे पिऊन आले की सकाळी ऑफिसातून फोन यायचा, आणि “त्यांना ताप आहे” असं मी सांगायचे. नोकरी गेली तर मुलांची फी कशी भरणार?

मैत्रिणीला हे सांगितलं तेव्हा ती माझ्या बाजूनं चिडली. “सोड त्याला,” म्हणाली. तिचं प्रेम खरं होतं. पण मी सोडलं नाही, आणि मग तिला पुढचं सांगणंच अवघड होऊन बसलं. समुपदेशकांनी माझी झोप, धडधड, सततची भीती नीट समजून घेतली, डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांच्याकडे मी आजही जाते. पण ऑफिसचा फोन वाजत असताना काय करायचं, हे स्वतः करून बसलेलं माणूस मला दोन्हीकडे भेटलं नव्हतं.

ते तुमच्या मीटिंगमध्ये भेटलं. मी तो फोन सांगितला आणि कुणीही “असं कर, तसं कर” म्हटलं नाही. एकीच्या बोलण्यावर दुसरीनं मत द्यायचं नाही, आपल्या पाळीला आपलंच बोलायचं, ही पद्धत मला आधी कोरडी वाटली होती. मग तुमची पाळी आली. तुम्ही काय सांगितलंत ते इथे लिहीत नाही, ते तिथलंच. पण माझ्या घरातलं कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवतंय असं वाटलं. नंतर चहा घेताना तुम्ही एवढंच विचारलंत, “फोन कुणासाठी येतो गं?”

पुढच्या वेळी फोन वाजायच्या आधीच मी तुम्हाला फोन केला. मग ऑफिसचा आला, आणि मी तो त्यांच्या हातात दिला. नंतर पुन्हा तुम्हाला केला. आधी एक, नंतर एक, हे तुमच्याकडूनच शिकले. ते भडकले, बोलणं टाकलं, त्या दिवसाचा पगार कापला गेला. दारू काही सुटली नाही. पण पगार का कापला, याचं उत्तर पहिल्यांदा त्यांना स्वतःला द्यावं लागलं, आणि माझी सकाळ खोटं जुळवण्यात जाणं थांबलं. त्यांची दारू मी लावली नाही, ती माझ्या ताब्यात नाही आणि मी ती बरी करू शकत नाही, ही तिथली तीन वाक्यं मला त्या दिवशी कळली.

ज्यांना यायचंय त्यांच्यासाठी इथेच लिहिते. फी नाही, नोंदणी नाही. शेवटी डबा फिरतो, त्यात जमेल ते टाकायचं, नाही टाकलं तरी चालतं. “आज फक्त ऐकते” म्हटलं की पुरतं. जवळची मीटिंग कळत नसेल तर एएच्या गटाला किंवा व्यसनमुक्ती केंद्राला विचारा; ऑनलाइनही असतात. निदान सहा वेळा येऊन मग ठरवा, असं तिथे सांगतात, आणि ते बरोबर आहे, कारण पहिल्या दिवशी फक्त रडू येतं. एक गट जुळला नाही तर दुसरा पाहा. एकच बाई सगळा वेळ बोलतेय, नवरा सोडायचा की नाही ते कुणी ठरवून देतंय, आतलं बाहेर जातंय किंवा कुणी काही विकतंय, असं दिसलं तर तिथे थांबू नका.

गटाच्या आवाक्यात नसलेलंही आहे, आणि तेही तुम्हीच मला स्पष्ट सांगितलंत. घरात मारहाण होत असेल तर मीटिंगची वाट पाहायची नाही. ११२ किंवा महिलांसाठीची १८१ हेल्पलाइन आहे. जीव नकोसा झाला असेल तर टेली-मानस हेल्पलाइनचा १४४१६ आहे. आणि रोज खूप पिणाऱ्याची दारू घरात एकदम बंद करायला जाऊ नये. आकडी येऊ शकते, जिवावर बेतू शकतं. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवं.

ताई, तुमच्या घरचं अजूनही सुटलेलं नाही, हे मला फार उशिरा कळलं. कारण तुम्ही हसता, गाण्याच्या क्लासला जाता, आणि फोन उचलता. मला त्याचाच सगळ्यात जास्त आधार झाला. पुढच्या महिन्यापासून मीटिंग चालवायची पाळी माझी आहे. नवीन बाई आली तर तिला माझा नंबर द्या. सकाळी लवकर केला तरी चालेल.

तुमची,
गटातली एक