काकूंचा स आणि बंटीचा प्रीसेट

प्रिय वैशू,

तुझ्या मेसेजला नुसते अंगठे पाठवत राहिले, मान्य, आता शिव्या घालून घे आणि मग पुढे वाच. लांबलचक लिहितेय कारण हे इथे कुणाला सांगायला गेलं की "अगं स तर स, त्यात काय एवढं" म्हणून विषय संपतो. तब्येत ठीक, बीपीची गोळी चालू, गुडघा आहे तसाच. झालं.

काकूंनी अखेर आठवणी वाचून रेकॉर्ड केल्या. हो, त्याच त्या वहीतल्या, सदाशिव पेठेतल्या मागच्या खोलीत बसून, जिथे आपल्याला रात्री दहानंतर हसायला बंदी होती. वसतिगृहातल्या दृष्टिहीन मुलींना ऐकायला द्यायच्या म्हणून. माइक माझा, पण एडिटिंग बंटीने केलं, "मावशी तू राहू दे, माझ्याकडे पॉडकास्टचा प्रीसेट आहे" असं म्हणून. फाइल गेली, मुलींनी ऐकली, आणि त्यातली एक सरळ म्हणाली, "आजी छान वाचतात, पण त्यांचा स कानात टोचतो." काकू म्हणाल्या, "कवळी आहे माझी, टोचणारच." आणि हसल्या. पण त्यानंतर त्यांनी वही कपाटात ठेवलीय आणि पुन्हा वाचणार नाही म्हणतात. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तशीही दमतात गं वाचताना. म्हणजे आहे तेच रेकॉर्डिंग सावरायचं, दुसरं मिळणार नाही.

म्हणून मूळ फाइल मागून घेतली आणि बसले. ते वाक्य आठवतं का तुला, "सासूबाईंनी सुपात शेंगा सोलल्या"? तेवढंच लूपवर टाकलं. घरातले सगळे आता ते वाक्य म्हणतात, आमच्या स्वयंपाकाच्या बाईसुद्धा.

पहिली गंमत ही की मूळ फाइलमध्ये स टोचतच नाही. थोडी शीळ आहे, कवळीची, पण ती काकूंचीच वाटते. आवाज मात्र डब्यात बसल्यासारखा आणि खालून पंख्याची घूं. बंटीने ते "क्लिअर" करायला ४ हजार हर्ट्झच्या वर सगळी ट्रेबल ६ डीबी वाढवली होती. मला वाटलं, सापडला चोर. ती काढून टाकली. तरी टोचतंय! कमी, पण टोचतंय. मग कॉम्प्रेसर उघडला आणि तिथे खरा घोळ दिसला.

ढोबळ आकडे सांगते. "सासूबाईं" मधला मोठा आ मीटरवर उणे ८ पर्यंत जातो, आणि नुसता स उणे २० च्या आसपास. म्हणजे दोघांत १२ डीबीचं अंतर. बंटीच्या प्रीसेटमध्ये थ्रेशोल्ड उणे २०, रेशो ६ ला १. आ थ्रेशोल्डच्या १२ वर जातो, त्याचे उरतात २, म्हणजे तो उणे १८ वर येतो. १० डीबी दाबला गेला. स थ्रेशोल्डच्या वर गेलाच नाही, त्याला कुणी हात लावला नाही. मग आवाज बारीक झाला म्हणून मेकअप गेन १० डीबी. आ परत उणे ८ वर, आणि स उणे १० वर! १२ चं अंतर होतं ते २ राहिलं. वर रिलीज इतका झटपट ठेवलेला की आ संपला की कॉम्प्रेसर लगेच हात सोडतो, म्हणजे मागून येणाऱ्या स ला पूर्ण मोकळं रान. ट्रेबल वाढवलेली होती ती या सगळ्याच्याही वर. आणि पंखा? तो मूळ फाइलमध्ये उणे ५८ वर होता, तोही १० ने चढून उणे ४८. मग तो घालवायला नॉइज रिडक्शन, आणि त्याने शब्दांच्या शेपट्या पाण्यातून बोलल्यासारख्या बुडबुडायला लागल्या. एकाने केलेलं निस्तरायला दुसरा, आपल्या सोसायटीच्या कमिटीसारखं.

बंटीला बोलले नाही फार. तो "मावशी, सगळे असंच करतात" म्हणाला. करतात खरं. तरुण मुलगा, दणदणीत आवाज, माइकला चिकटून बोलणार, पंखा बंद; त्याला तो प्रीसेट चालून जातो. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या कवळीवाल्या बाईचा आवाज त्याच प्रीसेटने सावरत बसणं म्हणजे, जाऊ दे.

मग मी काय केलं ते ऐक आणि खोड काढ. आधी ८० हर्ट्झच्या खालचं कापलं. काकूंचा सूर त्याच्या बराच वर आहे, त्यामुळे त्यांचं काही जात नाही, फक्त रस्त्यावरच्या बसची घरघर आणि टेबलाला लागलेले धक्के जातात. मग डबा शोधला. एक अरुंद पट्टी ८ डीबी वर उचलून हळूहळू २०० पासून ५०० पर्यंत सरकवत नेली, ३३० च्या आसपास अगदी माठात तोंड घालून बोलल्यासारखं झालं, तिथे थांबले, पट्टी रुंद केली आणि ३ डीबी खाली घेतली. बास. आणि वैशू, ऊब तिथूनच आली! मी खाली १५० ला वाढवून पाहिलं होतं, त्याने नुसतं जड आणि घुमट वाटलं. मधला चिखल गेल्यावर खालचं आपोआप ऐकू आलं. मात्र ५ डीबी काढले तर काकू टेलिफोनवरून बोलल्यासारख्या पातळ होतात, म्हणून ३.

हे सगळं कॉम्प्रेसरच्या आधी. हो, माहितीये, तू म्हणशील आधी कॉम्प्रेसर. भरत नाट्य मंदिराच्या मागच्या जिन्यात यावरून आपण किती भांडलो होतो, आणि तिकडे एंट्रीचा क्यू निघून गेला, पोरं अंधारात उभी! माझं म्हणणं आजही तेच आहे. खालची घरघर आत ठेवलीस तर कॉम्प्रेसर आवाजाला नाही, बसला दाबत बसतो. काढायचं ते आधी काढ, वाढवायचं ते नंतर वाढव. इथवर तरी कबूल हो.

कॉम्प्रेसरच्या आधी अजून एक कंटाळवाणं काम केलं. काकू वाक्याच्या शेवटी आवाज सोडतात, आणि सासूबाईंचं बोलणं आलं की एकदम चढतात (सासूबाई गेल्या तरी राग गेला नाही). ती वाक्यं हातानेच कापून ३-४ डीबी वर-खाली केली. यात संध्याकाळच्या संध्याकाळ गेली, पण मग कॉम्प्रेसरला कामच कमी उरलं. थ्रेशोल्ड उणे १६, रेशो २ ला १. आता करून बघ हिशोब: आ उणे ८ वर, म्हणजे ८ वर गेला, उरले ४, तो उणे १२ वर आला. ४ दाबले, ४ मेकअप. आ पुन्हा उणे ८, स उणे १६. अंतर ८ राहिलं, पंखा उणे ५४. अटॅक २० मिलिसेकंद ठेवला, नाहीतर "सुपात" मधल्या प आणि त ची धारच जाते आणि सगळं कापसात गुंडाळल्यासारखं होतं. रिलीज १५० च्या जवळपास. आधी ५० वर ठेवला होता तेव्हा दोन शब्दांमध्ये पंखा श्वास घ्यायचा, हूं... हूं... शब्दांकडे कान न देता मधल्या फटी ऐकल्या की हे लगेच कळतं.

राहिलेला ४ डीबीचा स डी-एसरने घेतला. वेगळा काही विकत घेतला नाही, रीपरमधल्या ReaXcomp मध्येच साधारण ५ ते ९ हजारांची एक पट्टी ठेवली आणि बाकीच्या पट्ट्यांचा रेशो १ करून टाकला. काकूंचा स साडेसहा-सात हजारांवर आहे. शेंगांमधला श बराच खाली, ४ हजारांच्या आसपास, तो टोचत नाही म्हणून त्याला हात लावला नाही. हावरटपणा करून एकदा ८ डीबी दाबून पाहिले, तर "थाथूबाईंनी थुपात". नातू हसून खाली पडला. कवळी काढून वाचल्यासारखं, शब्दशः.

वर ३ हजारांपाशी दीड-दोन डीबी वाढवले, रुंद, स्पष्टपणासाठी. १० हजारांच्या वरचं आहे तसंच सोडलं. तुला तिथे हवा म्हणून काहीतरी वाढवायची खोड आहे, मला माहितीये, पण या रेकॉर्डिंगमध्ये तिथे आवाज कमी आणि पंखाच जास्त आहे.

आणि तुलना करताना प्रोसेस केलेली फाइल मूळच्या इतक्याच मोठ्या आवाजात आणून मग बटण चालू-बंद केलं. नाहीतर मोठं ते चांगलंच वाटतं, बंटी तिथेच फसला असणार. बारीक आवाजात, फोनच्या स्पीकरवर आणि स्वस्तातल्या इअरफोनवर ऐकलं, कारण मुली इअरफोनच लावतात, आणि इअरफोनवर स सगळ्यात आधी कळतो.

आता खरी काळजी. फाइल चांगली झालीय असं मला वाटतं, पण मी ते वाक्य इतक्यांदा ऐकलंय की माझा कान मेलाय. त्यात ती शीळ. ती अजून थोडी ऐकू येते आणि मला ती काढायची नाहीये, काकू तशाच बोलतात. पण ज्या मुलीला टोचलं तिला तेवढीही टोचली तर? आणि काकूंनी ऐकून "हा माझा आवाज नाही" म्हटलं तर? पहिल्या फाइलला त्या काहीच बोलल्या नव्हत्या, नुसतं "बरं" म्हणाल्या होत्या. तुला माहितीये काकूंचं बरं. भाडं थकल्यावर म्हणायच्या तेच.

तुझं काय चाललंय? आर्याची अ‍ॅडमिशन झाली का, कुठे ते कळव. तुझ्या सासूबाईंचं प्लास्टर निघालं असेल. नाशिकला द्राक्षांच्या दिवसांत येणार म्हणाले होते, ते अजून डोक्यात आहे.

सोबत दोन फाइल पाठवतेय, नावं फक्त एक आणि दोन. एकीत स ४ ने दाबलाय, दुसरीत २ ने, कोणती कुठली ते सांगणार नाही. मेलवर पाठवतेय, व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हॉइस मेसेजमध्ये वरचं सगळं चेपलं जातं आणि मग आपण भलत्याच गोष्टीवर भांडू. तुझ्या त्या मोठ्या हेडफोनवर नाही, आर्याच्या इअरफोनवर ऐक. आणि रविवारच्या आत सांग, कारण सोमवारी मी काकूंकडे जेवायला जातेय आणि वसतिगृहाच्या बाई पण येणार आहेत.

तुझी,
मंजू

ता. क. रीपरमध्ये तू तो आडवा मीटर कसा लावला होतास? मला सापडत नाहीये आणि बंटीला विचारणार नाही.